डासांची वसाहत कोलमडल्याचा आणि सुधारित वेळापत्रकाचा ई-मेल

कीटकगृहात पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली डासांची वसाहत अचानक कोलमडली, तर पीएच.डी.चा विद्यार्थी मार्गदर्शकाला लेखी कळवतो की काय घडले, आधीच्या निरीक्षणांपैकी कोणती टिकतात आणि राहिलेले प्रयोग कधी होऊ शकतील. कोणत्या प्रजातीची वसाहत गेली आहे, यावर या पत्राचे स्वरूप ठरते. एडिस इजिप्तायची अंडी कागदावर वाळवून महिनोन्‌महिने ठेवता येतात, त्यामुळे साठवलेला कागद पाण्यात बुडवला की वसाहत पुन्हा उभी राहते. ॲनोफिलीसच्या अंड्यांना वाळणे सोसत नाही. म्हणून मुंबईसारख्या शहरांत छतावरच्या टाक्यांत वाढणाऱ्या आणि हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलीस स्टेफेन्सीची वसाहत गेली, की दुसऱ्या प्रयोगशाळेतून ओल्या कागदावर अंडी मागवण्याखेरीज सहसा उपाय उरत नाही. ही नोंद याच प्रजातीच्या वसाहतीविषयी आहे.

कोलमडणे बहुधा उशिरा लक्षात येते, कारण पिंजऱ्यातले प्रौढ डास काही दिवस ठणठणीत दिसतात आणि घट आधी कोषांच्या रोजच्या मोजणीत उतरते. त्यामुळे पत्रात ‘वसाहत मेली’ एवढेच न लिहिता ती कोणत्या अवस्थेत तुटली ते लिहावे लागते. कोवळ्या अळ्या एकदम मेल्या असतील आणि ट्रेमधल्या पाण्यावर बुळबुळीत साय धरली असेल, तर खाद्य जास्त पडल्याचा संशय घ्यावा. ॲनोफिलीसच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाशी आडव्या राहून श्वास घेतात आणि त्या सायीखाली गुदमरतात. अंडी भरपूर असूनही फुटत नसतील, तर मिलन झाले नसावे किंवा अंडी वाळली असावीत. अळ्यांची वाढ रेंगाळली, कोषांतच मर झाली आणि उरलेल्या माद्या रक्त पिण्याआधीच मरू लागल्या, तर व्हॅव्हराया क्युलिसिस या मायक्रोस्पोरिडिया गटातल्या सूक्ष्म परजीवीची शंका बळावते. मादी काचपट्टीवर थोड्या पाण्यात चिरडून ४०० पट वर्धनाखाली पाहिली, की चकाकणारे लंबगोल बीजाणू दिसतात.

मायक्रोस्पोरिडियाचा संसर्ग सापडला, की पत्रातला सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद जुन्या निरीक्षणांविषयीचा असतो, आणि नेमका तोच बहुतेक जण आटोपता घेतात. हा परजीवी डासाचे आयुष्य घटवतो, म्हणून जगण्याच्या कालावधीची किंवा कीटकनाशकाने होणाऱ्या मृत्यूची आधीची मोजमापे संशयास्पद ठरू शकतात. फ्रीझरमध्ये तारखेनिशी ठेवलेले जुने डास तपासून संसर्ग किमान कधीपासून होता, हे मागे जात शोधता येते. असा मजकूर पुढीलप्रमाणे असू शकतो:

‘आदरणीय सर, जूनच्या नमुन्यांत बीजाणू आढळले नाहीत, जुलैच्या नमुन्यांत आढळले. त्यामुळे जूनपर्यंतच्या चाचण्या ठेवाव्यात आणि जुलैच्या बाद कराव्यात, असे मला वाटते. काचपट्ट्या जपून ठेवल्या आहेत, आपण एकदा पाहाव्यात ही विनंती.’

सुधारित वेळापत्रक डासाच्या जीवनक्रमावरून मांडायचे असते. सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून प्रौढ डास व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. पुढे मिलन, रक्तपान आणि अंडी पिकणे धरून एक पिढी तीन आठवड्यांची होते. समजा डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाच्या कागदांवर संवेदनशीलता चाचणी करायची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने तिच्या एका फेरीला ३ ते ५ दिवसांच्या, रक्त न प्यायलेल्या सुमारे १५० माद्या लागतात: १०० कीटकनाशकासाठी, ५० नियंत्रण गटासाठी. बाहेरून ५०० अंडी आली, त्यांतली निम्मी प्रौढ झाली आणि त्यांत निम्म्या माद्या निघाल्या, तर हाती सव्वाशे माद्या येतात. त्यांपैकी ८० माद्यांनी प्रत्येकी ५० अंडी घातली, तरी पुढच्या पिढीसाठी ४,००० अंडी मिळतात. संख्येच्या हिशेबाने दुसरी पिढी चाचणीला पुरते. तरीही ती पिढी बीजाणूंच्या तपासणीसाठी आणि राखीव पिंजऱ्यासाठी ठेवून तिसऱ्या पिढीवर चाचणी घेणे शहाणपणाचे, आणि मग पहिली फेरी नवव्या आठवड्यात येते. त्याआधीची तारीख कबूल करणे म्हणजे तपासणी गाळणे होय.

जुन्या वसाहतीतले मूठभर वाचलेले डास वाढवून वेळ वाचवण्याचा मोह होतो. पत्रात तो पर्याय मांडून नाकारावा, कारण संसर्ग त्यांच्यासोबत पुढे जाऊ शकतो आणि इतक्या थोड्या डासांपासून वाढलेल्या वसाहतीत कीटकनाशक-प्रतिकाराच्या जनुकांचे प्रमाण मूळ वसाहतीसारखे राहील याची खात्री नसते. बीजाणू अळ्यांच्या तोंडावाटे शिरतात, म्हणून जुने ट्रे आणि पिंजरे निर्जंतुक केल्याशिवाय किंवा टाकून दिल्याशिवाय नवी अंडी त्या खोलीत आणू नयेत. या कामाचे दिवसही वेळापत्रकात धरावे लागतात.

मधल्या आठवड्यांत वसाहतीवर न अडणारे काम पुढे घेता येते, जसे फ्रीझरमधल्या डासांच्या डीएनएत कीटकनाशकाला प्रतिकार देणारे केडीआर उत्परिवर्तन शोधणे. शेवटी वेळापत्रक कधी मोडीत काढायचे, हेही आधीच लिहिलेले असावे: दुसऱ्या पिढीत बीजाणू आढळले, तर ती वसाहत नष्ट करून नव्या अंड्यांपासून पहिल्या आठवड्याची मोजणी पुन्हा सुरू होते, आणि एखाद्या फेरीत नियंत्रण गटातला मृत्यू २० टक्क्यांच्या वर गेला, तर ती फेरी बाद धरून पुन्हा घ्यावी लागते.