फोटोपी : ब्राउझरमध्ये पीएसडी फाइलचे संपादन

फोटोपी हे ब्राउझरमध्ये चालणारे चित्रसंपादनाचे साधन आहे. प्रागमध्ये राहणारे युक्रेनी वंशाचे प्रोग्रॅमर इव्हान कुत्स्किर यांनी ते 2013 मध्ये खुले केले. photopea.com हे पान उघडले की पडद्यावर डाव्या बाजूला टूल, उजव्या बाजूला लेयरचे पॅनल आणि वर मेन्यू दिसतो. फोटोशॉपवर हात बसलेल्या माणसाला ही मांडणी ओळखीचीच वाटते. फोटोशॉपची पीएसडी फाइल फोटोपीत लेयरसकट उघडते, बदलता येते आणि पुन्हा पीएसडी म्हणूनच जतन होते. वापर जाहिरातींसह मोफत असून पैसे भरल्यास जाहिराती जातात. कॉलेजची लॅब, सायबर कॅफे, क्रोमबुक किंवा कार्यालयातला कुलूपबंद संगणक अशा ठिकाणी काहीही इन्स्टॉल करता येत नाही. तिथे तयार डिझाइनमध्ये तातडीचा बदल करायचा झाला, तर बहुतेक वेळा हाच मार्ग हाताशी असतो.

वेबसाइट असूनही फोटोपी फाइल कुठेही अपलोड करत नाही. पान एकदा उघडले की पुढचे सगळे काम त्याच संगणकाच्या मेमरीत होते. इंटरनेट मध्येच गेले तरी उघडलेल्या फाइलवर काम करता येते. त्यामुळे छपाईपूर्वीचे गुप्त डिझाइन दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाईल ही भीती राहत नाही. मात्र संगणक सामायिक असेल तर धोका वेगळ्या ठिकाणी असतो. जतन केलेली पीएसडी त्या यंत्राच्या Downloads फोल्डरमध्येच मागे राहते आणि उठताना ती आठवणीने पुसावी लागते.

महाराष्ट्रात फ्लेक्सच्या धंद्यात पीएसडी फाइल रोज हाताळली जाते, म्हणून इथे उदाहरणही तेच घेतले आहे. एका सार्वजनिक मंडळाचा सहा बाय चार फुटांचा फ्लेक्स आहे. गेल्या वर्षीची पीएसडी हाती आहे आणि त्यात पाहुण्यांचे नाव, तारीख व गोलातला फोटो बदलायचा आहे. File → Open मधून किंवा फाइल खिडकीत ओढून आणून ती उघडता येते. उघडल्यावर पार्श्वभूमी, सजावट, फोटो, सावल्या आणि अक्षरांभोवतीची पांढरी किनार सगळे जागेवर दिसते. मराठी मजकूरही अगदी नीट दिसतो. अडचण इथूनच सुरू होते.

पीएसडीमध्ये प्रत्येक मजकुराच्या लेयरसोबत दोन गोष्टी साठवलेल्या असतात. एक म्हणजे मजकूर, फॉन्टचे नाव आणि आकार यांची नोंद. दुसरी म्हणजे त्या मजकुराचे शेवटचे दिसणारे रूप, म्हणजे चित्र. फॉन्ट मिळाला नाही तर फोटोपी दुसरी गोष्ट दाखवते आणि फॉन्ट नसल्याची सूचना देते. सूचनेकडे दुर्लक्ष करून कर्सर मजकुरात नेला आणि एक अक्षर बदलले की चित्र बाजूला पडते. मजकूर नव्याने रचला जातो आणि तोही हाती असलेल्या दुसऱ्याच फॉन्टमध्ये.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत असेल, तर एवढ्याने फक्त वळण बदलते. फ्लेक्सच्या जुन्या फाइलींत मात्र मजकूर बहुधा युनिकोडमध्ये नसतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या संचांनी देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवली होती. त्या पद्धतीत ‘सार्वजनिक’ हा शब्द फाइलमध्ये असा नोंदलेला असतो :

```
gmd©O{ZH$
```

फॉन्ट असेपर्यंत हे वाचकाला कधीच दिसत नाही. फॉन्ट गेला की पडद्यावर नेमके हेच उमटते. `{` ही ऱ्हस्व वेलांटी आहे आणि ती `Z`, म्हणजे ‘न’च्या आधी आली आहे. जुन्या फॉन्टांत वेलांटी जशी दिसते तशी, अक्षराच्या अलीकडे टाइप करावी लागे. अशी रोमन खिचडी दिसली तर फाइल खराब झालेली नसते. Ctrl+Z दाबावे, चित्र परत येते, आणि मग शांतपणे मार्ग ठरवावा.

मार्ग दोन आहेत. पहिला मार्ग म्हणजे मूळ फॉन्टची फाइल मिळवून ती फोटोपीत भरणे. ब्राउझरमधले पान संगणकातले फॉन्ट आपणहून उचलत नाही, म्हणून टीटीएफ किंवा ओटीएफ फाइल खिडकीत ओढून टाकावी, किंवा फॉन्टच्या यादीतून ती लोड करावी. यानंतर जुना मजकूर बरोबर दिसतो, पण नवा मजकूर टाइप करायला त्याच संचाचा कीबोर्ड लागतो. तो परक्या संगणकावर असणार नाही. गुगलच्या किंवा विंडोजच्या मराठी कीबोर्डने टाइप केलेली युनिकोड अक्षरे त्या फॉन्टमध्ये नसतातच. शिवाय असे फॉन्ट विकत घेतलेल्या संचाचा भाग असतात, त्यामुळे परवाना असलेल्या व्यक्तीकडूनच ते यावेत.

दुसरा मार्ग बदलायचा लेयर युनिकोडमध्ये आणण्याचा आहे आणि तातडीच्या कामात बहुतेकदा तोच बरा पडतो. जुना मजकूर कॉपी करून श्रीलिपी ते युनिकोड अशा रूपांतरकातून काढावा. मजकूर लहान असेल तर सरळ नव्याने टाइप करावा, तेच लवकर होते. फोटोपीच्या यादीत गुगल फॉन्ट आहेत. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बालू हे मराठीला नीट शोभणारे फॉन्ट त्यात मिळतात. जाड शीर्षकाला बालू आणि तपशिलाला मुक्त ही जोडी फ्लेक्सवर लांबूनही वाचता येते. अक्षरांची पांढरी किनार आणि सावली लेयरच्या स्टाइलमध्ये असल्याने फॉन्ट बदलला तरी ती तशीच राहते. फक्त अक्षरांची रुंदी बदलते, म्हणून आकार पुन्हा जुळवावा लागतो.

टाइप केल्यावर दोन-तीन शब्द मोठे करून पाहावेत. ‘वऱ्हाड’मधला ऱ्ह, ‘कृष्ण’मधला ष्ण, ‘कार्यक्रम’मधला रफार आणि ‘निमंत्रित’मधल्या दोन्ही वेलांट्या जागेवर आहेत का, हे तपासले की बाकी मजकुराबद्दल खात्री बाळगता येते. फॉन्टमध्ये एखादे जोडाक्षर नसेल तर तिथे उघडा हलंत दिसतो. अशा वेळी फॉन्ट बदलावा. पाहुण्यांच्या नावात फुटलेले जोडाक्षर चार फूट उंचीच्या फ्लेक्सवर कुणाच्याही नजरेतून सुटत नाही.

फोटो बदलणे तुलनेने सोपे आहे. लेयर पॅनलमध्ये गोलाचा आकार असलेला लेयर निवडावा आणि File → Open & Place ने नवा फोटो आणावा. तो वरच्या लेयरवर येतो. Layer → Clipping Mask केले की फोटो फक्त गोलाच्या आत दिसतो. मग त्याचा आकार जुळवावा. फोटोशॉपच्या सवयीने इथे Ctrl+T दाबले जाते आणि ब्राउझरचा नवा टॅब उघडतो, कारण ती कळ ब्राउझरने स्वतःकडे ठेवलेली आहे. फोटोपीत त्यासाठी Alt+Ctrl+T आहे. Ctrl+W मात्र जपून. ती कळ सगळा टॅबच बंद करते. जुना फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट असेल, म्हणजे पीएसडीच्या आत वेगळी फाइल म्हणून ठेवलेला असेल, तर त्याच्या छोट्या चित्रावर दोनदा क्लिक केल्यावर तो वेगळ्या टॅबमध्ये उघडतो. तिथे बदल करून Ctrl+S केले की मुख्य फाइलमध्ये बदल उतरतो.

मर्यादा सर्वात आधी मेमरीत जाणवते. सहा बाय चार फुटांचा फ्लेक्स 72 डीपीआयने, म्हणजे दर इंचाला 72 पिक्सेल धरून, 5184 गुणिले 3456 पिक्सेलचा होतो. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर पूर्ण भरलेला एक लेयर सुमारे 72 एमबी घेतो आणि साधा संगणक तो निभावतो. दहा बाय वीस फुटांचा फलक त्याच डीपीआयला 8640 गुणिले 17280 पिक्सेलचा होतो. मग एकेक पूर्ण लेयरच जवळपास 600 एमबी खातो. चार जीबी रॅमच्या यंत्रावर आधी ब्रश अडखळतो, पाठोपाठ लेयरचा डोळा चालू-बंद करायलाही वेळ लागतो आणि शेवटी टॅबच कोसळतो. अडखळणे ही सूचना आहे. त्या क्षणी जतन करावे. फाइलची प्रत करून Image → Image Size मधून लांबी-रुंदी निम्मी केली की मेमरीची गरज चौथाईवर येते. रस्त्यापलीकडून पाहायच्या फलकाला 36 डीपीआय पुरतो, पण छपाईवाल्याला तसे सांगून ठेवावे.

टॅब बंद झाला की न जतन केलेले काम गेले, म्हणून प्रत्येक मोठ्या बदलानंतर File → Save as PSD करावे. छपाईसाठी File → Export as मधून जेपीजी किंवा टिफ काढावी. पडद्यावर झगझगणारा हिरवा किंवा भगवा शाईत तितका उजळ उतरत नाही. रंग महत्त्वाचा असेल तर फ्लेक्सवाल्याकडून छोटा नमुना मागावा.

हीच पीएसडी पुढे दुसऱ्या कोणाच्या फोटोशॉपमध्ये उघडली जाणार असेल, तर एक गोष्ट त्या व्यक्तीला सांगणे आवश्यक असते. फोटोपी आणि फोटोशॉप यांची अक्षररचना वेगवेगळी चालते, त्यामुळे फोटोशॉपमध्ये मजकुराला हात लागताच ओळी थोड्या सरकू शकतात. फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची जुळणी चालू नसेल तर वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे सुटी पडतात. परिच्छेदाच्या पॅनलमध्ये World-Ready Layout निवडले की ती पुन्हा जुळतात. फाइल सोपवताना पीएसडीसोबत अंतिम रूपाची जेपीजी आणि वापरलेल्या फॉन्टची नावे दिली, तर समोरच्याला मूळ डिझाइन कसे दिसत होते हे विचारावे लागत नाही.