तुसाखालची धग

ब्रॉयलरच्या शेडला आग लागली की दुसऱ्या दिवशी गावात एकच कारण ऐकू येतं: शॉर्टसर्किट. वायर जळालेली सापडते आणि विषय संपतो. पण आग लागल्यावर वायर जळणारच. खरा प्रश्न असतो तो आधीच्या चार-सहा तासांचा. बहुतेक वेळा शेडमध्ये ज्वाळा दिसायच्या बऱ्याच आधी जळायला सुरुवात झालेली असते, आणि तीही धड दिसणार नाही अशा जागी.

हिवाळ्यातली एक नेहमीची मांडणी घेऊ. एक दिवसाची हजार पिल्लं आली आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांना अंगाच्या उंचीवर 33 ते 35 अंश सेल्सिअस ऊब लागते, कारण पिसं फुटेपर्यंत त्यांना स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. पिल्लामागे दोन वॅट हा आपल्याकडचा ढोबळ हिशोब. म्हणजे 2000 वॅट, म्हणजेच 250 वॅटचे आठ इन्फ्रारेड बल्ब. खाली दोन इंच भाताचं तूस, त्यावर पिल्लांनी तूस टिपू नये म्हणून पहिले एक-दोन दिवस वर्तमानपत्रं, भोवती पिल्लांना आत ठेवणारा पुठ्ठ्याचा गोल म्हणजे चिकगार्ड, आणि बाजूंना बारदानाचे पडदे. परसातल्या खुराड्यात तुसाऐवजी भाताचा पेंढा असतो, एवढाच फरक. या सगळ्यात न जळणारी वस्तू शोधायची म्हटली तर पाण्याचं भांडं, आणि तेही प्लॅस्टिकचं.

आता बल्ब. जमिनीपासून दीड फुटावर, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटरवर टांगलेला 250 वॅटचा बल्ब खालच्या दोन-अडीच चौरस फुटांवर आपली उष्णता पसरवतो. हिशोब केला तर दर चौरस मीटरला सुमारे एक किलोवॅट पडते. भर दुपारचं ऊन जमिनीवर साधारण एवढंच असतं, आणि उन्हात ठेवलेलं तूस पेट घेत नाही. इथवर काहीच धोका नाही.

पहाटे गारठा वाढतो, पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा होतात. ते पाहून कुणीतरी बल्ब थोडा खाली घेतो. पिल्लांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण उष्णतेचा हिशोब अंतराच्या प्रमाणात चालत नाही. अंतर निम्मं केलं की खाली पडणारी उष्णता जवळपास चौपट होते. आणि बल्ब सुटून तुसाच्या गादीवरच पडला, तर तीच सगळी शक्ती बल्बच्या तोंडाएवढ्या, म्हणजे चार-पाच इंच व्यासाच्या जागेत एकवटते. तिथे दर चौरस मीटरला निदान पंधरा-वीस किलोवॅट उष्णता पडते. लाकूड, तूस, कागद अशा वस्तू धुमसायला त्याच्या निम्मी उष्णताही पुरते. शिवाय पडलेल्या बल्बची काच तुसात रुतलेली असते, त्यामुळे हवेने थंड व्हायची सोयही उरत नाही.

बल्ब पडतो कसा? बहुतेक वेळा तो त्याच्याच वायरवर टांगलेला असतो म्हणून. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण 70 अंशांपर्यंतच टिकेल अशा बेताने बनवलेलं असतं. बल्बमधून वर चढणारी गरम हवा ते रोज थोडं थोडं मऊ करते, मग ते कडक होऊन तडकतं. बेकलाइटच्या होल्डरला 250 वॅटचा बल्ब पेलत नाही, तो काही महिन्यांत ठिसूळ होतो. (चिनी मातीच्या होल्डरची किंमत जेमतेम एका कोंबडीएवढी असते. तरीही तो फार थोड्या शेडमध्ये दिसतो, हे मला अजून उमगलेलं नाही.)

आता तूस आणि पेंढा यांतला फरक, कारण आग कशी वागेल ते त्यावर ठरतं. पेंढ्याची काडी पोकळ असते आणि काड्यांमध्ये हवा भरपूर खेळते. त्यामुळे पेंढा भडकतो आणि मिनिटाभरात ज्वाळा छपरापर्यंत जातात. तूस तसं भडकत नाही. त्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा राख, आणि ती राख जवळजवळ सगळी सिलिका. या सिलिकामुळे तूस ज्वाळेने सहज जळत नाही, म्हणून लोकांना ते सुरक्षित वाटतं. पण ते धुमसतं. धुमसणं म्हणजे ज्वाळा न होता, दाण्याच्या पृष्ठभागावरच ऑक्सिजनशी होणारं जळण. त्याला थोडीच हवा पुरते, आणि वरचा राखेचा थर आतली उष्णता धरून ठेवतो. आत पाच-सहाशे अंश तापमान असलं तरी वरून नुसता काळपट डाग दिसतो.

हे धुमसणं सरकतं फार हळू, मिनिटाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे रात्री अकरा वाजता बल्ब पडला आणि कुणीतरी बाराला येऊन तो पुन्हा टांगला, तर खाली अडीच इंच लांबवर निखारा पोचलेला असतो. वर तूस सारखं केलं, कागद बदलला, काम झालं असं वाटतं. पहाटे तीनपर्यंत तोच निखारा पाऊण फूट त्रिज्येचा झालेला असतो. वाटेत कागद लागला, चिकगार्डचा पुठ्ठा लागला किंवा पडद्याच्या फटीतून वारा आला की धुमसण्याची ज्वाळा होते. तिथून पुढचा प्रवास मिनिटांचा. छताखाली धुळीने भरलेली कोळिष्टकं असतील तर ज्वाळा त्यांवरून धावत शेडच्या दुसऱ्या टोकाला जाते. पिल्लं मात्र बहुधा त्याआधीच मेलेली असतात, कारण धुमसणाऱ्या तुसातून ज्वाळेपेक्षा कितीतरी जास्त कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि पडदे बंद असलेल्या शेडमध्ये तो तिथेच साचून राहतो.

दुसरी वाट उंदरांची. शेडमध्ये खाद्य आहे, ऊब आहे, बीळ करायला तूस आहे, मग उंदीर आणि घूस येणारच. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, वर्षाला दहा सेंटिमीटरहूनही अधिक. ते झिजवायला काहीतरी कुरतडावं लागतं, आणि दातावरचं इनॅमल तांब्याहून कठीण असतं. वायर नेमकी भिंतीच्या माथ्यावरून किंवा छपराच्या कैचीच्या आडव्या पाइपवरून नेलेली असते, आणि उंदरांची जायची वाटही तीच. पीव्हीसी पाइपमध्ये घातलेली वायर सुरक्षित, हाही समज चुकीचा. वेळ मिळाला की तो पाइपही कुरतडला जातो.

कुरतडल्यावर लगेच ठिणगी पडून फ्यूज उडाला असता तर बरंच झालं असतं. प्रत्यक्षात फेज आणि न्यूट्रलवरची सालटं निघतात, मध्ये धूळ बसते, तीवर उंदराचं मूत्र पडतं. पहाटेच्या दमटपणात त्यातून थोडासा प्रवाह वाहतो, ऊन आलं की ते सुकतं. दर वेळी बारीक ठिणग्या पडतात आणि आवरण जळून थोडा कोळसा होतो. कोळसा वीजवाहक असतो. मग दुसऱ्या दिवशी प्रवाह जरा वाढतो. असं दिवसेंदिवस चालतं, आणि एखाद्या पहाटे तो ठिपका लाल होऊन खाली गळतो.

अशा वेळी बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा स्विच, पडत का नाही? कारण त्याला यातलं काही कळतच नाही. आपल्या आठ बल्बना मिळून सुमारे 8.7 अँपिअर लागतात आणि एमसीबी बसवलेला असतो 16 अँपिअरचा. तो क्षणात पडायला नेहमीच्या सी प्रकारात 80 ते 160 अँपिअर यावे लागतात. उंदराने केलेल्या जागी वाहतो तो अँपिअरचा एखादा अंश. 230 व्होल्टला 0.3 अँपिअर म्हणजे 69 वॅट, आणि एका ठिपक्यावर एवढी उष्णता पेट घ्यायला पुरते.

सांध्याचंही तसंच. वायर पिळून, वर टेप गुंडाळून केलेला सांधा शेडमधल्या अमोनियाने आणि दमटपणाने वर्षभरात हिरवा पडतो. समजा त्याचा रोध फक्त अर्धा ओहम झाला. 8.7 अँपिअर त्यातून गेले की बोटाच्या पेराएवढ्या जागेत 38 वॅट उष्णता तयार होते. व्होल्टेज कमी होतं ते चारच व्होल्टने, तेव्हा बल्ब मंद झाल्याचंही कुणाला जाणवत नाही. जमिनीत गळणारी वीज ओळखून लाइन तोडणाऱ्या आरसीसीबीलाही हा दोष कळत नाही, कारण वीज गळत नसते, फक्त अडत असते. हे ओळखायचं ते हातानेच: सगळे बल्ब तासभर चालू ठेवावेत, मेन बंद करावा आणि लगेच प्रत्येक सांध्यावर, प्लगवर बोट ठेवून पाहावं. चटका बसला तर तो सांधा कापून नीट कनेक्टर लावायचा.

उंदराच्या दोषावर मात्र उपाय आहे. वायर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपमधून न्यावी, पाइपाला अर्थिंग द्यावं, तोंडं तारेच्या काथ्याने बुजवावीत, आणि बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. आवरण गेलं की प्रवाह पाइपावाटे जमिनीत गळतो आणि आरसीसीबी जेमतेम सात वॅट उष्णता असतानाच वीज तोडतो. अर्थिंग नसलेल्या दोन तारांच्या लाइनीवर तोच आरसीसीबी फेज-न्यूट्रलमधल्या गळतीला आंधळा असतो, कारण गेलेला प्रवाह न्यूट्रलनेच परत येतो. म्हणून पाइप आणि अर्थिंग सोडून नुसता आरसीसीबी बसवणं हे अर्धंच काम. बसवल्यावर तो पहाटे-पहाटे ट्रिप होऊ लागला की वायरमनला बोलावून ‘डायरेक्ट’ करून घेतात, हा तर घातच. पहाटेच ट्रिप होतो याचा अर्थ दव पडल्यावर कुठेतरी गळती सुरू होते. तेव्हा एकेक लाइन सुटी करून ती जागा शोधायची असते.

बल्बसाठी उपाय त्याहून साधा आहे. वजन साखळीवर घ्यायचं, वायरवर नाही, आणि जवळच दुसरी साखळी वेगळ्या हुकात अडकवायची. बल्बभोवती तारेची जाळी हवी. वायरची लांबी अशी ठेवायची की दोन्ही साखळ्या सुटल्या तरी बल्ब गादीला टेकण्याआधी प्लग ओढला जाऊन निघेल. उंची कमी-जास्त करायची ती थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर धरून, नुसत्या अंदाजाने नाही. गारठा फारच असेल तर बल्ब खाली आणण्यापेक्षा आणखी एक बल्ब लावलेला बरा. बल्बऐवजी गॅसवर ऊब देणारा ब्रूडर असेल तर टांगण्याचे नियम तेच. फक्त एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो तुसालगत साचतो, तेव्हा वास घेताना खाली वाकून घ्यावा.

आणि कधी बल्ब पडलाच, तर आधी मेन बंद. नंतर पाणी ओतून मोकळं होऊ नये, कारण तूस पाणी चटकन शोषत नाही. पाणी वरून निघून जातं आणि खालचा निखारा कोरडाच राहतो. डागाभोवती हातभर रुंद गोल धरून आतलं सगळं तूस फावड्याने घमेल्यात भरावं आणि शेडपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला उघड्या जमिनीवर पातळ पसरून त्यावर पाणी मारत उलथत राहावं. गोणीत भरून भिंतीशी ठेवू नये, तिथे ते दुपारी पुन्हा पेटतं. शेडमध्ये उघड्या पडलेल्या जमिनीवर आणि कडेच्या तुसावर हाताची उलटी बाजू धरून पाहावी. कोमट लागलं तर गोल अजून रुंद करावा, आणि दोन तासांनी येऊन पुन्हा हात लावून पाहावा.