संख्यादर्शक पूर्वपदे, ग्रीक व लॅटिन

इंग्रजी शब्दांच्या आरंभी जोडली जाणारी, संख्या सांगणारी पदे. बहुतेक आकड्यांसाठी इंग्रजीत अशी दोन पदे आहेत, एक ग्रीकमधून आलेले आणि एक लॅटिनमधून. 'ट्राय' मात्र दोन्हींत सारखेच आहे आणि आपल्या 'त्रि'चे ते सख्खे भावंड आहे (ट्रायपॉड, ट्रायँगल, ट्रायसिकल).

चार या संख्येची जोडी मुंबईकरांच्या रोजच्या पाहण्यातली. मरीन ड्राइव्हच्या कठड्याबाहेर लाटांचा मार झेलणारे काँक्रीटचे ठोकळे म्हणजे टेट्रापॉड. ग्रीकमध्ये 'टेट्रा' म्हणजे चार आणि 'पॉड' म्हणजे पाय. ठोकळा कसाही टाका, तो तीन पायांवर बसतो आणि चौथा वर राहतो. हाच शब्द लॅटिनमध्ये घडवला की क्वाड्रुपेड होतो आणि संस्कृतात चतुष्पाद. पॉड, पेड, पाद हे एकाच मुळाचे. अर्थ मात्र वेगळे झाले. प्राणिशास्त्रात क्वाड्रुपेड म्हणजे चार पायांवर चालणारा प्राणी, जसे गाय. टेट्रापॉडांत मात्र पक्षी, माणूस आणि सापसुद्धा येतात, कारण त्यांचे पूर्वज चार अवयवांचे होते.

टेट्राहेड्रॉन ही चार पृष्ठांची घनाकृती. टेट्रासायक्लिन या औषधाच्या रेणूत चार कडी असतात. लॅटिन बाजूला क्वाड्रिलॅटरल, क्वाड्रंट आणि एकाच वेळी जन्मलेली चार भावंडे, म्हणजे क्वाड्रुप्लेट. विद्यार्थी अडखळतात ते क्वाड्रॅटिक समीकरणापाशी. नावात चार असूनही त्यातला सर्वांत मोठा घातांक दोनच असतो. तिथला चार हा चौरसाच्या बाजूंचा आहे, कारण x² म्हणजे x बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ. मराठीतले 'वर्गसमीकरण' या बाबतीत अधिक सरळ आहे.

सहा आणि सात यांच्या जोड्या कानाला परक्या वाटतात, पण शब्दारंभीच्या 'स'चा ग्रीकमध्ये 'ह' झाला एवढे कळले की उलगडा होतो. लॅटिन 'सेक्स' आणि ग्रीक 'हेक्सा' म्हणजे आपले षट्: सेक्स्टंट, सेक्स्टुप्लेट, हेक्सागॉन, हेक्सापॉड. लॅटिन 'सेप्टेम' आणि ग्रीक 'हेप्टा' म्हणजे सप्त: सेप्टेंबर, सेप्टेट, हेप्टागॉन, हेप्टॅथलॉन. सेप्टेंबर नववा असला तरी जुने रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई, तेव्हा तो सातवाच होता. फारसीतही 'स'चा असाच 'ह' झाला. तिथला 'हफ्ता' आणि आपला 'सप्ताह' नात्यातले, आणि मुंबईत कर्जाचा भरतात किंवा दुकानदाराकडून उकळतात तो हप्ता त्याच फारसी शब्दावरून आला.

ग्रीक पदाला ग्रीक शब्द आणि लॅटिनला लॅटिन जोडावा असा पंडिती संकेत आहे, पण तो सर्रास मोडतो. ग्रीक 'मोनो'पासून मोनोलॉग, मोनोपॉली, मोनोक्रोम बनतात; लॅटिन 'युनि'पासून युनिफॉर्म, युनिसन, युनिकॉर्न. वडाळा-चेंबूर मार्गावर 2014 मध्ये सुरू झालेल्या मोनोरेलमध्ये मात्र 'मोनो' ग्रीक आणि 'रेल' लॅटिन मुळाचा आहे. नेमाने तिला युनिरेल म्हणावे लागले असते. सर्कशीतल्या एकचाकी युनिसायकलमध्ये नेमकी उलटी भेसळ आहे.