भित्तिचित्रातली व्यक्ती ओळखणं (नाशिक)

रस्त्यावरच्या भिंतीवर रंगवलेलं चित्र कोणाच्या मानार्थ काढलंय हे चेहऱ्यापेक्षा शेजारचा मजकूर, तारखा आणि ते कुठल्या वस्तीत कोणी काढलंय यावरून ठरवायचं, ते हे काम. नाशिकमध्ये याची गरज जास्तच पडते, कारण पेंटरने एखाद्या जुन्या फोटोवरून काढलेला चेहरा मुळातच अंदाजे असतो, त्यावर पावसाळे गेले की गाल-नाक पुसट होतात, आणि उरलेली पदवी किंवा पहिलं नाव इथे एकापेक्षा जास्त माणसांना लागू पडतं.

सगळ्यात जास्त घोळ ‘कर्मवीर’ आणि ‘दादासाहेब’ या दोन शब्दांनी होतो. ‘दादासाहेब’ म्हटलं की त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके आठवतात, पण काळाराम मंदिर सत्याग्रहाचे स्थानिक नेते दादासाहेब गायकवाडही इथलेच, आंबे (ता. दिंडोरी) गावचे. गायकवाडांचं मूळ नाव भाऊराव आणि लोक त्यांना कर्मवीर म्हणतात. आता रयत शिक्षण संस्थेचे भाऊराव पाटीलही कर्मवीरच, म्हणजे भिंतीवर ‘कर्मवीर भाऊराव’ एवढंच उरलं असेल तर दोन्ही माणसं तितकीच शक्य आहेत. त्यात नाशिक जिल्ह्यात मराठा विद्या प्रसारक संस्थेच्या जुन्या धुरिणांनाही कर्मवीर म्हणायची पद्धत आहे, काकासाहेब वाघ, बाबुराव ठाकरे वगैरे, त्यामुळे नुसत्या पदवीवरून कोणाचं नाव लिहून मोकळं होऊ नये.

एक उदाहरण धरू. नाशिकरोडकडच्या एखाद्या वस्तीच्या तोंडाशी भिंत आहे, चेहरा अर्धा पोपडे निघून गेलेला, वर ‘कर्मवीर भाऊराव’ आणि आडनावाच्या जागी कोणीतरी क्लासची जाहिरात चिकटवलेली. खाली ‘१२० वी जयंती, १५ ऑक्टोबर २०२२, विनम्र अभिवादन’ आणि त्याखाली बारीक अक्षरात सौजन्य म्हणून मंडळाचं नाव. बॉर्डर निळी, वरच्या कोपऱ्यात दोन छोटे गोल, एकात बुद्ध, एकात बाबासाहेब. मागे दगडी मंदिर, बंद दरवाजा आणि पुढे गर्दी.

इथे पहिल्यांदा तारखेचा हिशोब करायचा. १५ ऑक्टोबर ही तारीख एकटी फसवी आहे, त्याच दिवशी ए. पी. जे. अब्दुल कलामांची जयंती असते आणि महाराष्ट्रात शाळाशाळांत तो वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो, शिर्डीच्या साईबाबांनी देह ठेवला तोही १५ ऑक्टोबर १९१८. पण सोबत ‘१२० वी’ लिहिलंय ना, मग २०२२ मधून १२० वजा करा, १९०२ येतं, आणि गायकवाडांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा. कलाम १९३१ चे, म्हणजे त्यांची २०२२ ला ९१ वी झाली असती. भाऊराव पाटील २२ सप्टेंबर १८८७ चे, तिथे दिवसही जुळत नाही आणि वर्षही नाही. हा हिशोब करताना एका वर्षाची फट सोडायची, कारण काही मंडळं जन्माचा दिवस पहिला धरून मोजतात आणि त्यांचा आकडा एकाने पुढे जातो. जयंती म्हटलंय की पुण्यतिथी की स्मृतिदिन तेही नीट वाचायचं, नाहीतर काय होतं ते १ ऑगस्ट १९२० बघितलं की कळतं: लोकमान्य टिळक त्या दिवशी गेले आणि अण्णाभाऊ साठे त्याच दिवशी जन्मले, म्हणजे दिवस, महिना, साल तिन्ही तेच आणि फरक फक्त त्या एका शब्दाचा.

मग चित्रातल्या बाकीच्या गोष्टी. बंद दरवाजाचं मंदिर आणि समोर गर्दी म्हणजे पंचवटीतल्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह, जो २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला, बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले तेव्हा इथली आघाडी गायकवाडांनी सांभाळली. पाटलांचं चित्र असतं तर बहुतेक पांढरी लांब दाढी, वडाचं झाड (रयतचं बोधचिन्ह) किंवा शाळा अशी काही खूण दिसली असती. ‘पद्म...’ एवढंच अर्धवट उरलं असेल तरी त्याच्या पुढचं अक्षर शोधायचं, गायकवाड पद्मश्री, पाटील पद्मभूषण.

वरच्या गोलांतले बाबासाहेब मात्र या चित्राचे मानकरी नव्हेत, आणि ही चूक फार जण करतात. आपल्याकडे फ्लेक्स असो की भिंत, ज्यांच्यापासून प्रेरणा घेतली ते छोटे गोल करून वर बसवतात आणि ज्यांचा दिवस आहे तो माणूस मधे मोठा असतो, त्याचंच नाव सगळ्यात जाड अक्षरात. तसंच खालचं सौजन्यवालं नावही मानकऱ्याचं नाही, ते पैसे देणाऱ्याचं, कधी त्या वेळच्या नगरसेवकाचं. तारखेतही हाच फरक असतो, नुसतं साल दिसलं तर ते रंगकामाचं आहे की जन्माचं हे शेजारच्या शब्दावरूनच कळतं, ‘सुशोभीकरण २०१८’ म्हणजे कोणी २०१८ साली जन्मलं नाही.

वस्तीचा संदर्भ घ्यायचा तो शेवटी आणि जपून. निळा रंग, ‘जय भीम’, अशोकचक्र यावरून मंडळ आंबेडकरी विचाराचं आहे एवढं कळतं, त्या वस्तीतलं प्रत्येक चित्र बाबासाहेबांचं आहे असं नाही, आणि गायकवाडांचंच आहे असंही नाही. फुले जयंती ११ एप्रिल आणि आंबेडकर जयंती १४ एप्रिल जवळजवळ असल्याने एप्रिलमध्ये रंगवलेल्या भिंतींवर दोघंही एकत्र येतात. आदिवासी पाड्याजवळ ‘जोहार’ आणि १५ नोव्हेंबर असेल तर बिरसा मुंडा (जन्म १८७५), पण हातात धनुष्य आहे एवढ्यावरून बिरसा ठरवू नका, राघोजी भांगरेंना २ मे १८४८ ला ठाण्याला फाशी झाली आणि या भागात त्यांचीही आठवण जागी आहे, तिथे तारखेशेजारी ‘बलिदान दिन’ असा शब्द शोधा.

आणि नावाआधी ‘कै.’ किंवा ‘कालकथित’ असेल तर तो बहुतेक गल्लीतलाच कोणी कार्यकर्ता असतो. त्याची कुठेच नोंद सापडणार नाही, तिथे म्हाताऱ्या माणसांना किंवा त्याच भागातल्या पेंटरला विचारायचं. विचारताना “काका, हे कोण हो?” असं मोकळं विचारा. “हे गायकवाडच ना?” म्हटलं तर पाहुण्याला नाही कशाला म्हणायचं म्हणून माणूस मान हलवतो आणि तुमचाच अंदाज साक्षीदारासारखा परत येतो. दोन वेगळ्या माणसांनी एकमेकांचं न ऐकता तेच नाव सांगितलं तर ते बरंच भरवशाचं.

वरच्या उदाहरणात नाव, हिशोब आणि मंदिर तिन्ही एकाच माणसाकडे जातात म्हणून ‘दादासाहेब गायकवाड’ असं स्पष्ट लिहिता येतं. जाहिरात ‘१२० वी’ वरही चिकटवलेली असती तर उरलेलं नाव आणि मंदिर यावरून ‘बहुधा गायकवाड’, आणि मंदिरही दिसत नसतं तर फोटो काढून भिंतीची जागा, उरलेली अक्षरं जशीच्या तशी आणि बघितल्याची तारीख एवढंच नोंदवायचं. पुढच्या जयंतीच्या आधी मंडळं भिंत पुन्हा रंगवतात, आणि तेव्हा पूर्ण नाव लिहिलेलं सापडायची शक्यता चांगली असते, फक्त जुना मजकूर तेव्हा चुन्याखाली गेलेला असतो म्हणून आधीचा फोटो हातात हवा.