पत्त्यांची यादी चॅटबॉटकडून एकसारखी करून घेताना: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे लेबलं छापायला येणाऱ्या यादीत एकच गाव चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं: पुणे, पूणे, पुने, पुणें. मग गावानुसार लावलेल्या यादीत एकाच गावाची पाकिटं चार गठ्ठ्यांत विखुरतात. म्हणून आपल्यापैकी काहीजण सगळी यादी चॅटबॉटमध्ये टाकून ‘शुद्धलेखन नीट कर’ असं सांगतात. परत आलेली यादी दिसायला देखणी असते, पण तिच्यात कुळकर्णींचे कुलकर्णी, साठ्येंचे साठे आणि सामंतांचे सावंत झालेले असू शकतात. ही आडनावं चुकीची नव्हती. चॅटबॉट नेहमी दिसणाऱ्या रूपाकडे झुकतो, त्यामुळे दुर्मिळ पण खरी नोंद त्याला चूक वाटू शकते. शिवाय तो प्रत्येक ओळ नव्याने लिहून काढतो. लांबलचक यादीत मधलीच एखादी ओळ गळते, नाहीतर फोन नंबरातला आकडा बदलतो, आणि ते नजरेला दिसत नाही.

म्हणून यादी बदलण्याचं काम आम्ही चॅटबॉटला देत नाही. गावाच्या रकान्यात किती वेगवेगळी रूपं आहेत तेवढीच काढतो आणि कोणतं रूप कशाचं, इतकंच त्याला विचारतो. माणसांची नावं, घर क्रमांक आणि फोन त्याच्याकडे जातच नाहीत, त्यामुळे लोकांची खाजगी माहितीही आपल्याच संगणकात राहते.

मूळ फाइलची प्रत जपून ठेवा. प्रतीत प्रत्येक ओळीला अनुक्रमांक द्या. गाव E रकान्यात असेल आणि नोंदी 1200 असतील, तर वेगळी रूपं अशी निघतात (जुन्या एक्सेलमध्ये हे सूत्र नसतं, तिथे गावाचा रकाना वेगळ्या पानावर उतरवून Remove Duplicates वापरा):

```
=UNIQUE(TRIM(E2:E1201))
```

ही रूपं चॅटबॉटला देताना आम्ही हा मजकूर वापरतो:

```
खाली ठिकाणांच्या नावांची लेखनरूपं आहेत.
प्रत्येकासाठी तीन रकाने द्या: मूळ (जसंच्या तसं),
सुचवलेलं, आणि "नक्की" किंवा "शंका".
ओळ गाळू नका, दोन ओळी एक करू नका.
बु., खु., पूर्व, पश्चिम हे शब्द काढू नका.
शंका असेल तर सुचवलेल्या रकान्यात मूळच ठेवा.
```

बु. आणि खु. यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द ही दोन गावं आहेत, आणि ‘वडगाव’ एवढंच उरलं की टपाल कुठे जाईल याचा भरवसा नाही.

आलेला तक्ता माणसानेच वाचायचा. समजा त्यात परळ, परेल, पारले आणि परळी अशी चार रूपं आहेत. ‘परेल’चं ‘परळ’ करायला हरकत नाही. ‘पारले’ मात्र परळ नव्हे, ते विलेपार्ले असण्याचा संभव जास्त. अशा वेळी मूळ यादीत त्या नोंदीचा पिनकोड पाहायचा: परळचा 400012, विलेपार्ले पूर्वेचा 400057. ‘परळी’ दिसली की आणखी सावध व्हा. बीड जिल्ह्यातली परळी वैजनाथ (431515) आहे, तशी सज्जनगडाच्या पायथ्याशी साताऱ्यातही परळी आहे. शब्द एकच, गावं दोन, आणि नुसत्या शब्दावरून कोणालाच निवाडा करता येणार नाही. पिनकोड नसेल तर ती नोंद जशी आहे तशी ठेवून त्या माणसाला फोन करायचा. चॅटबॉटने स्वतःहून पिनकोड भरून दिला, तर तो पुसून टाका.

‘औरंगाबाद’ ही लेखनातली चूक नव्हे. पिनकोड 431ने सुरू होत असेल तर तिथे छत्रपती संभाजीनगर लिहायचं का, हे आपण ठरवायचं. 824ने सुरू होत असेल तर ते बिहारमधलं औरंगाबाद आहे, त्याला हात लावू नका.

तपासलेला तक्ता Map नावाच्या पानावर ठेवा आणि दुरुस्त गाव नव्या रकान्यात आणा:

```
=IFERROR(VLOOKUP(TRIM(E2),Map!A:B,2,FALSE),E2)
```

तक्त्यात नसलेलं रूप या सूत्राने जसंच्या तसं राहतं. एक रूप सगळीकडे सारखंच बदलतं, म्हणून औरंगाबाद, परळी अशी पिनकोडवरून ठरणारी रूपं तक्त्यात मूळच ठेवा आणि नव्या रकान्यात ओळीनुसार हाताने बदला. तक्त्याचा दुसरा रकाना रिकामा सोडलात तर मात्र गावाच्या जागी 0 येतो, म्हणून शंकेच्या ओळीतही मूळ शब्द भरा. जुना आणि नवा रकाना शेजारी ठेवून फक्त बदललेल्या ओळी वेगळ्या काढून पाहा. परळ, पार्ल्यासारख्या गोंधळाच्या नोंदी तिथेच सापडतात.

चॅटबॉटशी संबंध नसलेली एक गोष्ट सांगून ठेवतो. ‘5/12’ हा घर क्रमांक एक्सेल तारीख समजून बदलून टाकतो. यादी चिकटवण्याआधी तो रकाना Text करून घ्या. एकदा तारीख झाली की मागाहून Text केल्याने मूळ क्रमांक परत येत नाही.

आडनावांच्या रकान्यात आम्ही एकही अक्षर बदलत नाही. एकाच फोनवर ‘साठे’ आणि ‘साठ्ये’ अशा दोन नोंदी दिसल्या, तर त्या वेगळ्या कागदावर लिहून आपल्याकडे पाठवतो. लेबलं छापायला घेण्याआधी त्यावर आपला होकार लागेल. मागच्या वेळी परत आलेली पाकिटं जपली असतील, तर तीही यादीसोबत द्या.