कोठार नसलेली पेन्शन

31 जानेवारी 1940 रोजी अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेतला पहिला मासिक चेक निघाला. तो इडा मे फुलर या व्हरमाँट राज्यातल्या निवृत्त बाईंच्या नावाचा होता. रक्कम होती 22 डॉलर 54 सेंट. योजना सुरू झाल्यापासून निवृत्त होईपर्यंतच्या तीन वर्षांत फुलरबाईंच्या पगारातून एकूण 24 डॉलर 75 सेंट कापले गेले होते. म्हणजे दुसऱ्या चेकलाच त्यांचे पैसे वसूल झाले. त्यानंतर त्या शंभर वर्षांच्या होईपर्यंत जगल्या आणि 1975 मध्ये वारल्या, तोवर त्यांना एकूण 22,888 डॉलर 92 सेंट मिळाले.

यात लबाडी काही नव्हती. पण हे पैसे आले कुठून, याचं उत्तर नीट समजलं तर आज जगभर पेन्शनवरून जी कुरबूर चालली आहे, तिचा बराचसा गुंता सुटतो. फुलरबाईंचे 24 डॉलर कुठे गुंतवले गेले आणि त्यांचे बावीस हजार झाले, असं घडलं नाही. दर महिन्याला त्यांना मिळणारी रक्कम त्या महिन्यात काम करणाऱ्यांच्या पगारातून येत होती. या पद्धतीला ‘पे-ॲज-यू-गो’ म्हणतात. आज कमावणाऱ्याची वर्गणी आजच्याच निवृत्ताला द्यायची आणि कमावणाऱ्याला सांगायचं की तुझी सोय उद्याची पिढी करील. थोडी शिल्लक हाताशी असते, पण धान्य भरून ठेवलेलं कोठार नसतं. एका हाताने घ्यायचं, दुसऱ्या हाताने द्यायचं.

अमेरिकेत 1940 मध्ये एका पेन्शनधारकामागे 159 वर्गणीदार होते. 1950 मध्ये ते साडेसोळा झाले, 1960 मध्ये पाच, आणि आता तीनपेक्षाही कमी आहेत. हे आकडे घाबरवण्यासाठी फार वापरले जातात, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. 159 वरून पाचवर झालेली घसरण लोक म्हातारे झाल्यामुळे नव्हती. योजना नवीन असते तेव्हा पैसे भरणारे सगळे असतात आणि हक्क मिळवून निवृत्त झालेले मूठभर. तीस-चाळीस वर्षांत ही नव्याची नवलाई संपतेच. पाचवरून तीनच्या खाली येण्यात मात्र लोकसंख्येचाही मोठा वाटा आहे. मुलं कमी झाली आणि आयुष्य लांबलं.

आता हिशोब मांडून पाहू. समजा 100 कमावते आहेत आणि 30 निवृत्त. प्रत्येकाचा पगार 100, आणि पेन्शन पगाराच्या निम्मी, म्हणजे 50. वर्षाला 1,500 लागतील. एकूण पगार 10,000, म्हणजे वर्गणी 15 टक्के. कमावत्याच्या हातात 85 उरतात.

एका पिढीनंतर 100 कमावत्यांमागे 50 निवृत्त झाले. पेन्शन तेवढीच ठेवायची तर 2,500 लागतील आणि वर्गणी 25 टक्क्यांवर जाईल. सगळा भार तरुणांवर. वर्गणी 15 टक्क्यांवरच ठेवायची तर त्याच 1,500 मध्ये 50 जणांना भागवायचं, म्हणजे प्रत्येकी 30. सगळा भार वृद्धांवर. तिसरी वाट निवृत्तीचं वय वाढवण्याची. त्या 50 पैकी 15 जण कामावरच राहिले, तर 115 कमावते आणि 35 निवृत्त होतात, आणि वर्गणी पुन्हा 15 टक्क्यांच्या आसपास येते. गणिताच्या दृष्टीने ही वाट सगळ्यांत जोरकस, कारण एक माणूस खर्चाच्या रकान्यातून निघून जमेच्या रकान्यात जातो. पण ऑफिसात बसणाऱ्याला दोन वर्षं आणखी काढता येतात, वीटकाम करणाऱ्याच्या पाठीला ती काढता येतीलच असं नाही.

मग कोणीतरी म्हणतं, अर्थव्यवस्था वाढली की प्रश्न आपोआप सुटेल. मला हा युक्तिवाद अर्धाच खरा वाटतो. समजा त्याच काळात पगार 100 वरून 160 झाला. पेन्शन पगाराच्या निम्मीच ठेवायची असेल तर तीही 80 होईल आणि वर्गणी पुन्हा 25 टक्केच लागेल. वाढीने टक्केवारीला धक्काही लागत नाही. हातात मात्र 120 उरतात, आधीच्या 85 पेक्षा बरेच जास्त, आणि ही गोष्ट लहान नाही. पेन्शन 50 वरच राहू दिली आणि फक्त महागाईपुरती वाढवली, तर वर्गणी साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास राहते. पण मग पेन्शन पगाराच्या 31 टक्क्यांवर येते. म्हणजे ही वृद्धांवर भार टाकणारी वरचीच दुसरी वाट झाली, फक्त हळूहळू आणि आवाज न करता चाललेली. ब्रिटनने 1980 मध्ये सरकारी मूळ पेन्शनचा पगारवाढीशी असलेला धागा तोडून तिला फक्त महागाईशी बांधलं, तेव्हा नेमकं हेच झालं. कोणाचीही पेन्शन ‘कापली’ गेली नाही, तरी सरासरी पगाराच्या तुलनेत ती वर्षागणिक मागे पडत गेली.

या तीन वाटांमध्ये भाराची वाटणी कशी करावी? अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड मसग्रेव्ह यांनी सुचवलेला नियम मला आवडतो, कारण तो सरळ आहे. पेन्शन आणि वर्गणी कापून हातात उरणारा पगार, या दोघांचं प्रमाण कायम ठेवायचं. आपल्या उदाहरणात ते सुरुवातीला 50 ला 85 होतं. निवृत्त 50 झाल्यावर हेच प्रमाण टिकवायचं तर वर्गणी 22.7 टक्के येते आणि पेन्शन 45.4. कमावत्याच्या हातात 77.3 राहतात. दोघांचंही उत्पन्न जवळपास 9 टक्क्यांनी घटतं. कोणी सुटत नाही, कोणी एकटा भरडला जात नाही.

हे झालं एका वर्षाचं चित्र. एखाद्याने आयुष्यभर भरलेल्या वर्गणीवर त्याला ‘व्याज’ किती मिळतं, हा प्रश्न वेगळा आहे. अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी 1958 मध्ये आणि हेन्री आरन यांनी 1966 मध्ये त्याचं उत्तर दिलं. वर्गणीचा दर स्थिर असेल, तर अशी योजना देशातल्या एकूण पगाराच्या वाढीइतकंच व्याज देऊ शकते. कमावत्यांची संख्या वर्षाला 1 टक्का आणि सरासरी पगार 2 टक्के वाढत असेल तर साधारण 3 टक्के. तीच संख्या 1 टक्क्याने घटू लागली, तर फक्त 1 टक्का. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कुठून?

हा नियम स्वीडनने जवळजवळ जसाच्या तसा कायद्यात उतरवला. 1994 मध्ये तिथल्या प्रमुख पक्षांनी एकत्र बसून तत्त्वं ठरवली आणि 1998 मध्ये कायदा झाला. उत्पन्नाच्या साडेअठरा टक्के वर्गणी. त्यातले अडीच टक्के खरोखर फंडात गुंतवले जातात आणि 16 टक्के त्याच वर्षीच्या निवृत्तांना वाटले जातात. मात्र या 16 टक्क्यांची नोंद प्रत्येकाच्या खात्यावर होते. खातं कागदोपत्री, पैसे त्यात नाहीत. सरासरी उत्पन्न जितकं वाढेल तितकी त्या आकड्यात दरवर्षी वाढ होते. निवृत्त होताना जमलेल्या आकड्याला एका भाजकाने भागतात, आणि हा भाजक त्या वयोगटाच्या उरलेल्या सरासरी आयुष्यावरून ठरतो. पिढी जास्त जगणारी असेल तर भाजक मोठा आणि महिन्याची पेन्शन लहान. ती तेवढीच हवी असेल तर थोडं जास्त काम करायचं. लांबलेल्या आयुष्याचा खर्च असा तो जगणाऱ्या पिढीकडेच राहतो.

एक फट तरीही उरते. खाती सरासरी उत्पन्नाच्या दराने वाढतात, पण योजना व्याज देऊ शकते ते एकूण उत्पन्नाच्या वाढीइतकंच. कमावत्यांची संख्या घटली की दिलेला शब्द जमेपेक्षा मोठा होतो. त्यासाठी एक ब्रेक बसवला आहे. दरवर्षी एका पारड्यात भविष्यातल्या वर्गणीचं अंदाजित मूल्य आणि हाताशी असलेला राखीव निधी ठेवतात, दुसऱ्यात दिलेली सगळी वचनं. पहिलं पारडं हलकं पडलं, म्हणजे पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारं गुणोत्तर एकाच्या खाली आलं, की पेन्शन आणि कागदोपत्री खाती या दोन्हींची वाढ आपोआप मंदावते. म्हणजे निवृत्त आणि कमावते, दोघांच्याही खिशाला हात लागतो. संसदेत मतदान नाही, चर्चा नाही.

निदान कल्पना तशी होती. 2008 च्या आर्थिक संकटात राखीव निधीने एका वर्षात पाचव्या हिश्श्याहून जास्त मूल्य गमावलं आणि गुणोत्तर एकाच्या खाली गेलं. गंमत पाहा, लोकसंख्येसाठी बसवलेला ब्रेक पहिल्यांदा दाबला तो शेअर बाजाराने. 2010 मध्ये पेन्शन कमी होणार होती, आणि ते निवडणुकीचं वर्ष होतं. मग 2009 मध्ये राजकारण्यांनी सूत्रच बदललं. निधीचं मूल्य एका वर्षाच्या अखेरीचं न घेता तीन वर्षांच्या सरासरीने मोजायचं ठरलं, आणि कपात सौम्य झाली. शिवाय पेन्शनधारकांचा आयकर कमी करण्यात आला. तरीही 2010 मध्ये आणि 2011 मध्ये पेन्शन खरोखर घटली. माझ्या मते यात ब्रेक निकामी ठरला नाही. योजना बुडाली नाही आणि वर्गणीचा दरही वाढला नाही. मात्र सूत्र कितीही स्वयंचलित असलं तरी ते बदलण्याचा अधिकार मतदारांना घाबरणाऱ्या माणसांकडेच राहतो, आणि वृद्ध समाजात मतदारही वृद्धच होत जातात.

इथे एक प्रश्न हमखास येतो. ही साखळी तोडून प्रत्येकाने स्वतःचे पैसे स्वतःसाठी का साठवू नयेत? साठवता येतात, पण ज्या दिवशी साखळी तोडाल त्या दिवशी निवृत्त असलेल्यांचं काय? त्यांनी आपली वर्गणी आधीच्या वृद्धांना देऊन टाकलेली असते. चिलीने 1981 मध्ये नव्या कामगारांना वैयक्तिक खात्यांकडे वळवलं, तेव्हा जुन्या पेन्शन सरकारी तिजोरीतून पुढची अनेक दशकं द्याव्या लागल्या. संक्रमणातल्या पिढीने करातून जुन्यांचं भरलं आणि वर स्वतःसाठीही साठवलं. हा दुहेरी बोजा म्हणजे फुलरबाईंच्या पिढीला जवळजवळ फुकटात मिळालेल्या रकमेचं बिल आहे. साखळी चालू ठेवणारी प्रत्येक पिढी ते पुढच्या पिढीच्या हातात देते, दरवर्षी थोडं व्याज सोसून. साखळी तोडणाऱ्या पिढीला मात्र ते स्वतःच चुकतं करावं लागतं.

आणि बिल चुकतं करून साठवलेले शेअर उद्या विकायला काढले, तरी ते विकत घेणारे तेव्हाचे कमावते लोकच असणार, आणि ते संख्येने तितकेच कमी असणार.