पिकलं पान, कोवळं पान

2024 चा दसरा 12 ऑक्टोबरला होता. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकात शिकायला येऊन मला दोनच महिने झाले होते. विद्यापीठाच्या उतारावरची झाडं पेटल्यासारखी दिसत होती. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. "आई, इथं झाडांना झेंडू लागलाय बघ!"

आई रत्नागिरीच्या घराच्या दाराला तोरण बांधत होती. तिनं एक नजर टाकली. "झाड पिकलंय ते. पिकलं पान गळायचंच, त्यात नवल काय? आणि झेंडू पिवळा असतो. ते मधलं झाड तर लालभडक आहे."

आईनं बरोबर नस पकडली होती. ते मधलं झाड रेड मेपल होतं, शेजारचं पिवळं बर्चचं. मी त्या दोघांना एकाच माळेत ओवत होते.

त्या रात्री स्वयंपाकघरात तीन वाट्या मांडल्या. एकीत मेपलची लाल पानं, दुसरीत बर्चची पिवळी, तिसरीत भारतीय दुकानातून आणलेल्या झेंडूच्या पाकळ्या. सगळं कुस्करून वर कढत पाणी ओतलं. दहा मिनिटांत मेपलचं पाणी कोकमाच्या सारासारखं झालं. लिंबू पिळलं तर आणखी गुलाबी, आणि थोडं वेगळं काढून खायचा सोडा टाकला तर हिरवट-काळपट. बर्चचं आणि झेंडूचं पाणी मात्र जरासं पिवळट झालं तेवढंच. झेंडूचा केशरी रंग पाकळ्यांतच बसून राहिला. त्याच पाकळ्या कोमट तेलात घातल्या, तेव्हा तेल हळदीसारखं झालं.

म्हणजे रंग दोन जातींचे. तेलात उतरतो तो कॅरोटिनॉइड कुळातला. झेंडूत त्यातलं ल्युटीन एवढं असतं, की डोळ्यांसाठीच्या गोळ्यांत आणि कोंबड्यांच्या खाद्यात घालायला ते झेंडूपासूनच काढतात. अंड्याचा बलक पिवळाधमक होतो तो त्यामुळे. बर्चच्या पिवळ्या पानातही ल्युटीनच असतं. पण ते शरदात तयार झालेलं नसतं, वसंतापासून तिथंच असतं. हिरव्या हरितद्रव्यापुढं दिसत नाही, इतकंच. दिवस लहान झाले की झाड हरितद्रव्य मोडायला घेतं आणि पानातला नायट्रोजन फांदीत ओढून घेतं. हिरवा पडदा उतरला की मागचा पिवळा उघडा पडतो. आईच्या तोरणातल्या गर्द हिरव्या आंब्याच्या पानातही ल्युटीन आहे, म्हणजे शेजारच्या झेंडूचा रंग त्याच्या पोटात आधीपासूनच आहे. (झेंडू तरी आपला कुठला? मूळचा मेक्सिकोचा. माझ्यापेक्षा तोच इथल्या जास्त जवळचा.)

पाण्यात उतरणारा लाल रंग अँथोसायनिनचा, आणि तो दडलेला नसतो. मरायला टेकलेलं पान तो नव्यानं बनवतं. देठाच्या बुडाशी बुचासारखा थर धरू लागतो, पानातली साखर पानातच अडकते, आणि त्या साखरेपासून हा रंग घडतो. त्याला ऊन लागतं, म्हणून दिवस लख्ख आणि रात्री गार असल्या की लाली चढते. मला एक पान असं सापडलं, ज्यावर दुसरं पान टेकून राहिलं होतं. झाकलेला भाग पिवळा, बाकी सगळं लाल. एका पानावर दुसऱ्याची पिवळी सावली छापलेली.

गळणाऱ्या पानावर झाड एवढा खर्च का करतं? बऱ्याच संशोधकांच्या मते हा लाल रंग छत्रीचं काम करतो. गारठ्यात पानाची यंत्रणा मंदावलेली असते, त्यात कडक ऊन पडलं तर नायट्रोजन काढून घेण्याआधीच ती बिघडते. काहींना वाटतं, हा रंग किडींना दूर ठेवण्यासाठी असावा. वाद मिटलेला नाही.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि परसातल्या हापूसचा फोटो पाठवला. पाऊस सरला होता, झाडाला पालवी फुटली होती: तांबूस, मऊ, खाली लोंबणारी. "हा रंग कुठला मग?"

हाही अँथोसायनिनच. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरतं भरलेलं नसतं, ऊन झेपत नाही, तेव्हा इथंही छत्रीचाच तर्क लावतात. फक्त क्रम उलटा. मेपल जाताना लाल होतो, आंबा येताना.

"पालवी आली म्हणजे त्या फांदीला मोहोर उशिरा," आई म्हणाली. तिचं दुःख वेगळंच होतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं त्याच फांदीचा परत फोटो पाठवला. पानं जून होऊन हिरवी झाली होती. मी खिडकीतून मेपलचा फोटो काढून पाठवला. नुसत्या काटक्या, आणि खाली घोट्यापर्यंत तपकिरी पातेरा.

"झाडून कोण काढतं गं एवढं?" आईनं विचारलं.